वरच्या कॅचनं गिळलेला भोंगा

आमच्या घरमालक काकांवर माझा पहिल्या आठवड्यापासूनच संशय होता. मारुंजीत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी एक खोली भाड्यानं घेतली होती. मी अकोल्याची, इथे कुणी ओळखीचं नाही, आणि जात्याच संशयी. दूधवाला पाणी घालतो, रिक्षावाला मुद्दाम लांबून नेतो, आणि काका माझ्या मागे पाण्याची मोटर बंद करतात, असं माझं ठाम मत होतं. पहिल्या दोन गोष्टींचा पुरावा नव्हता. तिसरी मी डोळ्यांनी पाहिली होती. टाकी अर्धी भरली की काका बाहेर येत, खटका पाडत आणि म्हणत, "लई कानठळ्या बसवतीया ही." मग मी साबण लावलेल्या डोक्यानं नळाकडे बघत बसायची.

मी हिंजवडीत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. दोन हजार सहाच्या सुमारास आमच्याकडे पिरंगुटच्या एका कारखान्याचं काम होतं. तिथल्या थंड खोलीत जनावरांच्या लसी ठेवत. आमचा प्रोग्रॅम दर मिनिटाला खोलीचं तापमान वाचायचा, आणि ते ठरल्या मर्यादेवर गेलं की भोंगा वाजवायचा. तिथल्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून कोण बसायचं? आमचे घरमालक काका. जमीन विकून झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी ही कंत्राटी नोकरी धरली होती. युनिफॉर्मचा शर्ट ते स्वतः इस्त्री करत.

एका रविवारी भरदुपारी कारखान्याच्या थंड खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. दोन वाजता काकांनी खोलीच्या दारावरचा तापमानाचा आकडा वहीत लिहिला, तेव्हा सगळं ठीक होतं. चार वाजता परत लिहायला गेले तर आकडा भलताच वर. त्यांनीच धावत जाऊन साहेबांना फोन केला. पण तोवर लसी गेल्या होत्या. आणि भोंगा? काकांचं म्हणणं एकच, "वाजलाच न्हाई."

सोमवारी आमच्या ऑफिसात बैठक झाली. कारखान्याचे साहेब, आमचे मॅनेजर आणि मी, एवढेच होतो. मी प्रोग्रॅमची नोंदवही, म्हणजे लॉग, छापून आणला होता. त्यात दोन वीसपासून दर मिनिटाला एक ओळ होती, तापमान मर्यादेबाहेर. मॅनेजर टेबलावर बोट आपटत म्हणाले, "बघा साहेब, आमच्या प्रोग्रॅमला सगळं कळलेलं होतं. पुढचं तुमचा माणूस जाणे."

भोंग्याला केबिनमध्ये एक खटका होता. तो पाडला की भोंगा गप्प. खटक्याची नोंद कुठेच होत नसे. काकांनी दुपारची झोप काढायला खटका पाडला आणि नंतर गुपचूप वर केला, असं साहेबांना वाटत होतं. तरी बिचाऱ्यांनी विचारलं, "प्रोग्रॅममध्येच काही गडबड नसेल ना?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. तीन वर्षं जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत घासून आलेली मी, केवढा तो ताठा! मी त्यांना समजावून दिलं. काही बिघडलं की प्रोग्रॅम एक चूक वर फेकतो, तिला एक्सेप्शन म्हणतात. ती झेलायला खाली कॅच एकाखाली एक लावलेले असतात. वरून बघत जायचं, पहिला जो कॅच त्या चुकीला लागू पडेल तो झेलतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. "कॅचचा क्रम चुकला असता तर कंपायलरनंच, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवतो त्यानंच, तो अडवला असता. आणि ती कॅचची फाईल तर चार वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही. तेव्हा भोंगा वाजत होता ना?" वाजत होता. मागच्या उन्हाळ्याआधी एकदा वाजल्याचं साहेबांनाच आठवलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "आणि साहेब, मी त्यांच्याच घरात राहते. त्यांना आवाज सहनच होत नाही. पाण्याची मोटरसुद्धा अर्ध्यातून बंद करतात."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. काकांना त्याच दिवशी घरी बसवलं. चौकशीचा आमचा अहवाल शुक्रवारी जायचा, आणि तो गेला की काकांचं कंत्राट रद्द. अहवाल अर्थातच मी लिहायचा होता.

त्या संध्याकाळी काका जिन्यात भेटले. शर्ट तोच, इस्त्रीचा. "ताई, तुमी त्या कंपूटरवाल्या. तुमीच सांगा त्यास्नी. मी तितंच केबिनात बसलेलो, खटक्याला हात न्हाई लावला. नोकरी जाऊंदे वो, पन गावात म्हनत्याल, झोपला व्हता म्हनून लसी नासल्या. माझ्याच भावकीतल्या जनावरास्नी जात्यात त्या." मी "बघते" म्हणून वर गेले. खोटारडा माणूस इतका साधा चेहरा करतो कसा, असंच माझ्या मनात आलं. आज आठवलं की स्वतःचीच चीड येते.

बुधवारी सकाळी मी अहवालात लॉगच्या ओळी उतरवत होते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक शब्द असायचा, कोणत्या कॅचनं ती लिहिली ते सांगणारा. भोंगा वाजवणारा कॅच "अलार्म" लिहायचा. इथे सगळ्या ओळींवर "रीट्राय" होतं. रीट्राय म्हणजे किरकोळ बिघाड, वायर सैल झाली, सेन्सर गप्प राहिला, थोडं थांबा आणि परत वाचा. त्यात भोंग्याचं नावही नाही. मी चष्मा पुसला, परत पाहिलं. चार वाजेपर्यंतच्या एकशेएक ओळी, सगळ्या रीट्राय.

अगं बाई! मी ती चार वर्षं जुनी फाईल उघडली. दोन कॅच. वरचा डिव्हाइस-एररसाठी, म्हणजे यंत्राच्या कुठल्याही बिघाडासाठी. खालचा टेंपरेचर-एररसाठी, भोंगा वाजवणारा. पण ज्यानं ते लिहिलं त्याच्या वेळी या दोन चुकांचं एकमेकींशी नातं नव्हतं. दोन वेगळे क्लास, म्हणजे चुकांचे दोन स्वतंत्र प्रकार, कोण वर नि कोण खाली यानं काडीचा फरक पडत नव्हता. मग आता कशाचा पडला?

मी चुकांचे क्लास जिथे लिहिले होते ती दुसरी फाईल उघडली. तिथे टेंपरेचर-एरर आता डिव्हाइस-एररची लेक झाली होती. आणि लेक ही बापाच्या प्रकारातही मोडते, म्हणून बापासाठी लावलेला वरचा कॅच तिला झेलून मोकळा. खालच्या, खास तिच्यासाठी बसलेल्या कॅचपर्यंत ती कधी पोचलीच नाही. वर्णन मात्र ती स्वतःचंच सांगायची, म्हणून ओळीत "तापमान मर्यादेबाहेर" असं छापून येत होतं आणि आम्ही सगळे फसलो होतो.

बदल कुणी केला ते शोधायला गेले, तेव्हाही मनात संशयच होता. कंपनी सोडून गेलेल्या एकाचं नाव मी ठरवूनही टाकलं होतं. नोंद उघडली. माझं नाव. मागच्या उन्हाळ्यात मी वेळ आणि खोली क्रमांक सगळ्या चुकांत परत परत लिहिलेले बघून वैतागले होते, आणि सगळ्यांना एका बापाखाली आणून स्वतःवर खूश झाले होते. कॅचची फाईल मी उघडलीदेखील नव्हती. आमचं काम सी प्लस प्लस या भाषेतलं. जावा असता तर कंपायलरनं तिथेच मान पकडली असती, खालचा कॅच कधीच लागणार नाही म्हणून. सी प्लस प्लसचा कंपायलर फक्त इशारा देतो आणि पुढे जातो. आमच्याकडे इशाऱ्यांच्या ओळी इतक्या वाहायच्या की कुणी वाचत नसे. मीही नाही. भोंग्याची चाचणी दर महिन्याला व्हायची, पण ते चाचणीचं बटण थेट भोंगाच वाजवायचं. मधे कॅच यायचाच नाही.

मॅनेजरला दाखवलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "दोन कॅच खालीवर कर आणि सुधारणा म्हणून पाठवून दे. अहवालात हे घालू नकोस." मी विचारलं, "आणि काका?" ते म्हणाले, "कंत्राटी माणूस आहे, दुसरीकडे लागेल." मला भयंकर राग आला. हे अहवालात जाणारच, असं मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेरच्यांनी माना वर केल्या.

गुरुवारी मी पिरंगुटला गेले. साहेबांना म्हटलं, काकांना बोलवा, ते आल्याशिवाय मी काही दाखवणार नाही. काका आले, दारातच उभे राहिले. मी मर्यादेचा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा खाली आणला, म्हणजे आता बोंब व्हायलाच हवी. जुना प्रोग्रॅम चालवला. खटका वर, आणि भोंगा गप्प. पडद्यावर रीट्राय, रीट्राय. मग टेंपरेचर-एररचा कॅच वर, डिव्हाइस-एररचा खाली, असा नवीन प्रोग्रॅम चालवला. मिनिटभरात भोंगा असा कोकलला की आवारातली कुत्री पळाली.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "यांनी खटक्याला हात लावलेला नाही."

साहेबांनी काकांना उद्यापासून यायला सांगितलं. माफी मागितली नाही, पण चहा मागवला.

काका माझ्या शेजारी बसले, बशीत चहा ओतला. मला वाटलं, आता आभार मानतील. किती निर्लज्ज असतो माणूस!

"साहेब म्हनले, मला आवाज सोसत न्हाई आसं घरातल्याच मानसानं सांगितलं. ते तुमीच का?"

"हो, मीच."

त्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "म्हैना भरला की खोली मोकळी करा, ताई. राग न्हाई माझा. तुमी आज आला, खरं बोलला, लई झालं. पन आता माझ्या घरात बायकूशी बोलायचं तरी मी वर बघून बोलनार, तुमी ऐकताय का म्हनून."

महिन्याच्या शेवटी मी जांब्याला दुसरी खोली घेतली.