बदकवाले काका

नारपोलीच्या बदकवाले काकांच्या दुकानात तुम्ही मीठ मागितलंत तरी आधी बदकाची चौकशी व्हायची. "आपलं बदक आठवतंय ना? कंपनीनं त्याला घरी बसवलंय, मी न्हाय."

हे बदक म्हणजे एका धुण्याच्या पावडरीचं चित्र. पिवळं, गळ्यात लाल रुमाल. मी त्या कंपनीची प्रचाराची बाई होते, रोजंदारीवर. नव्वदच्या सुमारास कंपनीला बदक गावंढळ वाटू लागलं. नव्या पाकिटावर निळा थेंब आणि इंग्रजी अक्षरं आली. दुकानांतले पत्र्याचे बोर्ड आणि पुठ्ठ्याची बदकं उतरवून घ्यायची, नवं पाकीट डोळ्यांसमोरच्या फळीवर आहे का बघायचं आणि फॉर्म भरायचा, हे माझं काम.

काकांनी पुठ्ठ्याचं बदक दिलं नाही. "म्हातारं झालं म्हणून बापाला काढतो का आपण?" म्हणाले आणि मला चहा सांगितला.

त्यांचं गिऱ्हाईक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या बायकांचं. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. नवं पाकीट पुढे केलं की त्या मागे सारायच्या. "चाचा, ये नकली है. बतख किधर है?" त्यावर काकांनी उपाय काढला. जुन्या रिकाम्या पाकिटांवरची बदकं कापायची आणि मैद्याच्या खळीनं नव्या पाकिटांवर चिकटवायची. वर प्रत्येकीला सांगायचं, "वही माल है, सिर्फ कपडा बदला है."

मी म्हटलं, "काका, बनावट मालवाले अजून बदकच छापतात. तुमचं पाकीट त्यातलंच वाटेल."

"मग तुमच्या सायबाला सांगा ना मी का चिकटवतो ते. तुमच्या इंग्रजी अक्षरांना गिऱ्हाईक वळखत न्हाय."

मी फॉर्म भरला. 'पाकिटांवर जुने चित्र आढळले.' पुढे कारणाचा रकाना होता. तो मी कोरा सोडला. त्या महिन्यात कायम करण्यासाठी नावं जायची होती आणि दुकानदाराची वकिली करणारी बाई साहेबांना आवडायची नाही, एवढं मला कळत होतं.

आठवड्यात कंपनीचा माणूस आला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, बनावट मालाच्या संशयावरून पाकिटं पोत्यात भरून नेली. वितरकानं माल बंद केला. बायकांनी हातगाडीवरचं बदक घेतलं, ते खरोखरच नकली होतं. एकीच्या तळहातांची सालं निघाली. ती काकांपुढे हात धरून म्हणाली, "बतख तो आपने ही सिखाया था."

मी कायम झाले. त्यानंतर एकदा हिंमत करून दुकानात गेले. पुठ्ठ्याचं बदक नव्हतं. काका साखर तोलत होते. मी म्हटलं, "माझी चूक झाली."

त्यांनी पुडी बांधली, दोरा दातांनी तोडला. "फॉर्म दाखवला मला त्या माणसानं," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला तर लिहिता येतं ना?"