चवथीचं मणगणं

माझ्या दोन वर्षांच्या भाचीला डाळ, दूध, मासे बंद आहेत. तरी पार्स्याला, सासरच्या गावी, ताईच्या सासूने गणेशचवथीचे पाचही दिवस तिला चोरून मणगणं, म्हणजे चणाडाळीची गोड खीर, भरवलं. रक्तातलं फिनाइलअॅलॅनिन वाढलं, तेव्हा ताईलाच म्हणाल्या, “तुमच्याच रक्तातली खोट.”

मी कॉलेजात शिकलेलं अडखळत सांगितलं. “मावशी, प्रथिनातल्या फिनाइलअॅलॅनिनचं टायरोसिन करणारं एन्झाइम तिच्या यकृतात चालत नाही. मग फिनाइलअॅलॅनिन साचून मेंदू बिघडतो. आणि ही खोट आईबाप दोघांकडून यावी लागते.”

“म्हणजे माझ्या झिलाकडूनय?”

“होय, तुमच्या मुलाकडूनही. त्याला ती तुमच्याकडून नाहीतर तुमच्या घोवाकडून आली.”

त्या रडल्या. मला बरं वाटलं. पुढच्या तपासणीला भाचीला मी मुद्दाम त्यांच्याच मांडीवर बसवलं. सुई टोचल्यावरचं तिचं रडणं त्यांनी जवळून ऐकावं म्हणून.