पातेल्यातलं पाणी

नणंदेच्या तोंडातून लाळ गळत होती आणि थांबत नव्हती. ती लोटगाडीच्या चाकाला टेकून बसली होती, मग आडवी झाली. अंगातून घाम असा निघत होता की लुगडं पाठीला चिकटलं. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण तिला मी दिसत नव्हते.

समोर कॉलेजच्या दोन पोरी कठड्याला धरून ओकत होत्या. दोघींनी अर्ध्या तासापूर्वी माझ्याच गाडीवरून उकडलेली कणसं घेतली होती.

"हिच्या भुट्ट्यात काहीतरी आहे," गर्दीतला एक माणूस म्हणाला. दुसऱ्याने हातातलं भाजलेलं कणीस माझ्यासमोर रस्त्यावर फेकलं.

धुळ्यात पांझरेच्या पुलाच्या देवपूरकडच्या तोंडाला आमची गाडी लागायची. श्रावण-भादव्यात कणसं, बाकी वर्षभर शेंगा. मी भाजायची, नणंद उकडायची. तिला नवऱ्याने टाकलं होतं, ती माझ्या घरी राहायची. आमचं पटत नव्हतं, पण गाडीवर पटायचं. तिथे भांडायला वेळ नसायचा.

ते कणीस समोर पडलं तेव्हा मी नणंदेकडे पाहिलं नाही, समोरच्या गाडीकडे पाहिलं. तिथे एक म्हातारा उभा असायचा. तोही भुट्टे भाजायचा, फक्त भाजायचा. आमच्या पातेल्यामुळे त्याची गिऱ्हाइकं कमी झाली होती. आठवड्यापूर्वी तो येऊन विचारून गेला होता, "अक्का, पातेल्यात टाकतेस तरी काय? वास पार माझ्या गाडीपर्यंत येतो." मी सांगितलं नव्हतं. आणि नणंद पडली त्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे चिमूटभर मीठ मागायला आला होता. मी लिंबं कापत होते. त्याने डब्यात स्वतः हात घातला. मी तो हात पाहिला होता.

मीठ मी घरी पाट्यावर वाटायची. जाडं मीठ, सुक्या लाल मिरच्या, थोडा ओवा. अर्धं लिंबू त्यात बुडवायचं आणि गरम कणसावर पिळत पिळत चोळायचं, म्हणजे रस दाण्यांच्या फटीत जातो आणि मिरची त्याच्याबरोबर जाते. भाजलेलं असो की उकडलेलं, मीठ एकच. माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं. मिठात टाकलं त्याने.

तोच म्हातारा धावत आला. "रिक्षात घाला तिला, बघत काय बसलात!" असं गर्दीवर ओरडला आणि त्यानेच तिचे पाय उचलले. मला ते आणखी संशयाचं वाटलं. मी मिठाचा डबा पदरात बांधला आणि रिक्षात बसले. पोरींना दुसऱ्या रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने नणंदेच्या डोळ्यात बॅटरी मारली. तिच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्याने नर्सला काहीतरी सांगितलं आणि मला विचारलं, "शेतावर फवारणीला गेली होती का?"

"आम्हाला शेत नाही."

"फवारणीचं औषध प्यायली?"

"ती काही जीव देणारी नाही. तिला अजून माझ्याशी भांडायचंय."

"मग खाल्लं काय?"

"कणीस. आणि हे." मी डबा पुढे केला. "ह्याच्यात टाकलंय कोणीतरी. मला माहीत आहे कोणी."

डॉक्टरने डबा बाजूला ठेवला. "आणखी काय खाल्लं, प्यायलं? आठवा. पोटात किती गेलंय ते मला कळायला पाहिजे. ह्या पोरींना एवढं नाही झालं. हिच्या पोटात जास्त गेलंय."

मी परत म्हटलं, मीठ. तिने दिवसभर मीठ चाखलं असेल. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सुचू द्यायचंही नव्हतं. त्यांनी तिच्या नाकातून नळी घालून पोट धुतलं. इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने परत दिलं, परत दिलं. दर वेळी डॉक्टर बॅटरी मारून बघायचा आणि मान हलवायचा.

म्हातारा व्हरांड्यात उभा होता. मी बाहेर येऊन त्याला सर्वांसमोर विचारलं, "सकाळी डब्यात काय टाकलंत?"

"काय?"

"तुमच्या भावाचं शेत आहे. कपाशी आहे. औषध घरात असेल."

तो म्हणाला, "अक्का, तुन्हं डोकं ठिकाणवर शे का?" आत गेला, टेबलावरचा डबा आणला, मुठीत मीठ घेतलं आणि तोंडात टाकलं. मिरचीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चावलं आणि गिळलं.

"बघ आता. मी इथंच बसतो."

तो बाकावर बसला. मी समोर उभी राहून त्याला बघत राहिले. त्याला घाम येतो का, लाळ येते का. येत नव्हतं. तरी माझं मन म्हणत होतं, वरचं मीठ चांगलं असेल, खालच्यात टाकलं असेल. हवालदार आला तेव्हा मी त्यालाही म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. हवालदार म्हणाला, "आबा, जरा उठा." म्हातारा उठला.

तेवढ्यात त्याची सून आली, पुलावरून पायी, दम लागलेली. ती म्हणाली, "मामा, शेळी पडली. तोंडाला फेस आलाय, पाय झाडतेय."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"माझी शेळी पडली, अक्का. तिने कुठं खाल्लं तुझं मीठ?"

त्याची शेळी रोज आमच्या गाडीमागे बांधलेली असायची. आम्ही सोललेला कणसांचा पाला तिला टाकायचो. त्या दिवशीही टाकला होता.

मी बाकावर बसले, त्याच्याच जागेवर.

कणसं मी रोज पहाटे बाजारात जाऊन एकाच शेतकऱ्याकडून घ्यायची. निवडायला मला कोणी शिकवलं नाही, हातानेच शिकले. कणसाचे केस वरून तपकिरी आणि बुडाशी ओले पाहिजेत. सगळे सुकलेले असले की कणीस जून. पाला हिरवा आणि घट्ट पाहिजे. मग टोकाचा पाला थोडा फाडून दाण्यात नख रुतवायचं. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर कोवळं, स्वच्छ पाण्यासारखं आलं तर अजून भरलं नाही, आणि काहीच नाही आलं तर ते जनावरांना. त्या पहाटे मी अशीच नखं लावत बसले होते. पाल्याला उग्र वास येत होता. मी शेतकऱ्याला म्हटलं, "गोणी कशाची आहे रे?" तो म्हणाला, "खताची." मी म्हटलं, असेल.

भाजायची कणसं पूर्ण सोलून निखाऱ्यावर जायची. उकडायची मात्र वेगळी. पाल्याचे एकदोन थर कणसाला ठेवायचे. काढलेला पाला पातेल्याच्या बुडाला अंथरायचा, म्हणजे कणसं लागत नाहीत. वरूनही पाला झाकायचा, म्हणजे वाफ कोंडते. मीठ आणि थोडी हळद. पाल्यामुळेच तो वास यायचा. आमचं गुपित तेवढंच होतं. पाला धुवायचा असतो हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. धुतलं तर चव जाते असं माझी सासू म्हणायची.

आणि ते पाणी. नणंदेला मुतखडा होता. कणसाचे केस उकळून प्यायले की खडा पडतो हे गावात सगळ्यांना माहीत. मीच तिला म्हणाले होते, वेगळे कशाला उकळतेस, पातेल्यातच टाक, पाणी फुकट कशाला घालवायचं. ती रोज दुपारी दोन पेले प्यायची. त्या दिवशी कंबर दुखत होती म्हणून तीन प्यायली होती. मी मोजले होते, कारण गिऱ्हाईक उभं असताना ती पीत बसली म्हणून मी तिला बोलले होते.

मी उठले आणि डॉक्टरकडे गेले. सगळं सांगितलं. पाला, केस, तीन पेले, किती वाजता.

"हे आधी का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मला वाटलं दुसऱ्याने केलं."

त्याने परत इंजेक्शन भरलं, आधीपेक्षा मोठं. दिवे लागायच्या आधी तिची लाळ थांबली, तोंड कोरडं पडलं. डॉक्टर म्हणाला, कोरडं पडलं हे चांगलं.

हवालदाराला मी सांगितलं की माझी चूक झाली. तो म्हाताऱ्याला "जा आबा" म्हणाला. म्हातारा गेला नाही, नळावरून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. मी प्यायले. माफी मागायला पाहिजे होती, पण माझ्या तोंडातून तेव्हा निघाली नाही. नंतरही नीट निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाजारात त्या शेतकऱ्याला पकडलं. तो लबाड होता असं म्हणायला मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "कपाशीवर फवारलं. पंपात उरलं होतं. बांधावरच्या मक्याला अळी लागलेली, त्याच्यावर मारलं. परवाचीच गोष्ट. कणीस तर आत असतं, अक्का. पाला सगळे फेकून देतात." मग म्हणाला, "पाला कोण शिजवतं?"

"आम्ही."

त्याच्याकडून परत कधी कणसं घेतली नाहीत. दुसऱ्याकडून घेताना मी आधी नख लावायच्या ऐवजी वास घ्यायला लागले. शेतकरी हसायचे. "काय अक्का, भुट्टा शे का फूल?" मी म्हणायची, हसा. फवारलं कधी ते सांगा, मग हसा. खोटं बोलतात की खरं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळतं असं मला वाटायचं. कळत नव्हतं. म्हणून घरी आणून सगळा पाला फेकायची आणि कणसं सोलून, दोन पाण्यांत धुऊन उकडायची. वास आला नाही पहिल्यासारखा. गिऱ्हाइकं थोडी म्हाताऱ्याकडे गेली. मी जाऊ दिली.

नणंद पाचव्या दिवशी घरी आली. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "वहिनी, तूच म्हणाली होतीस ना, पाणी फुकट घालवू नको?"

"म्हणाले होते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन झोपली. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. ते मला जास्त टोचलं.

त्या दोन्ही पोरी पहिल्याच संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेल्या होत्या. नणंद वाचली, खडाही अजून आहे. म्हाताऱ्याची शेळी मेली.