सहा हजार सहाशे आणि घरचा माणूस

गणपती हा आमच्या गल्लीतला सगळ्यात गोड भाडेकरू. गोड म्हणजे इतका की माझ्यासारख्याला राग यावा. घरमालक हंबीरराव खाली राहतात, हा वर. पाण्याची मोटर यानं लावायची, त्यांचं लाइटबिल यानं मोबाइलवरून भरायचं, आणि वर "आण्णा, आणखी काय हाय का?" हेही यानंच विचारायचं. हंबीरराव मिशीवरून हात फिरवत सांगतात, गणपती भाडेकरू न्हाय, घरचाच हाय.

करार संपत आला तसा या घरच्या माणसाला मेसेज आला : पुढच्या महिन्यापासून सहाचे आठ हजार.

गणपतीची पोरगी संघप्रिया नववीत, शाळा दोन गल्ल्या पलीकडं. तिची दहावी होईस्तवर घर सोडायचं नव्हतं आणि आठ हजार झेपत नव्हते. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मिळतंय किती? माझ्या इस्त्रीच्या दुकानात बसून त्यानं उत्तर लिहिलं. मी म्हटलं, आधी गळकी गच्ची बघा म्हणावं. त्यानं ऐकलं न्हाई. लिहिलं ते असं :

"आण्णा, नमस्कार. महागाई मला कळते. पण एकदम दोन हजार झेपणार नाहीत. दरवेळेसारखी दहा टक्के वाढ धरून सहा हजार सहाशे देतो. करार अकराऐवजी बावीस महिन्यांचा करूया, नोंदणीचा निम्मा खर्च माझा. गच्चीला सामान तुम्ही द्या, काम मी करून घेतो. काकूंच्या बीपीच्या गोळ्या आणल्यात, संध्याकाळी देतो."

गोळ्यांपाशी मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी माझ्या बाकड्यावर बसून तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. आपला मान केवढा, हे लोकांना कळायला नको? शेजारी उदयसिंह होता. त्याचा फ्लॅट दिवाळीपासून रिकामा.

"असला भाडेकरू मला द्या की. मी सहालाच ठेवतो," तो म्हणाला.

हंबीररावांचं तोंड उतरलं. तेवढ्यात उदयसिंहानं गणपतीचं आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग उदयसिंहाला एकाएकी आठवलं की राधानगरीचा भाचा फ्लॅटमध्ये राहायला येणार हाय. तो भाचा अजून वाटेतच हाय.

आता हंबीररावांना आठ हजारांवर अडून बसता आलं असतं. पण बाकड्यावर चार माणसं बसलेली, अशी संधी कोण सोडतंय? "आम्ही न्हाई बाबा आडनावं बघत," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणून त्यांनी तिथूनच 'मंजूर' धाडलं. मला उदयसिंहाची चीड आली, आणि यांचीबी. संध्याकाळी सगळं गणपतीच्या कानावर घातलं.

कराराच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी गेलतो. अंगठे झाल्यावर हंबीररावांनी गणपतीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "मी असताना तुला दुसरं घर हुडकायची गरज न्हाई."

"व्हय आण्णा," गणपती हसत म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भडकलो, म्हटलं, हसतोस काय? तो चप्पल घालत म्हणाला, "खरंच बोलले की ते. हुडकून मिळणार कुठं?"