काळी बाहुली मागायला गेले तेव्हा

ये, अशी जवळ सरक. फोन करून "मावशी, लेकीला तिसरं लागतंय, बाहुली कोणती घेऊ?" असं विचारायचं, आणि मी तोंड उघडलं की "बरं, ठेवते" म्हणायचं, ही कुठली रीत गं तुझी? विचारलंयस ना, मग आता पुरतं ऐक. बाहुल्यांपायी माझी जेवढी फजिती झाली तेवढी आपल्या नेकनूरच्या पट्ट्यात कुणाची झाली नसंल.

माझी नात तीन वर्षांची झाली ते साल दुष्काळाचं होतं. टँकर आला की गाव घागरी घेऊन पळायचं. आमची बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था तेव्हा कशीबशी चालू होती. शाळेचे गणवेश शिवायचो. मी तिची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर सही करायची आणि बैठकीत सगळ्यांच्या आधी चहा मागायचा.

तर नातीसाठी म्हणून मी बीडला गेलते, आणि दुकानातली सगळ्यांत झोकदार बाहुली उचलली. केस मक्याच्या कणसासारखे, डोळे निळे, आडवी केली की ते मिटायचे. एसटीत तिला मांडीवर घेऊन बसले तर शेजारची बाई म्हणाली, "कुणाची हो लेक? लई गोरी हाय." मी अशी फुलले, जसं काही माझ्याच पोटची.

नातीनं ओसरीवर घर मांडलं. बाहुलीला पाटावर बसवलं. माझी सून कौतुकानं जवळ गेली, म्हणाली, "अन् मी कोण गं तुझ्या घरात?"

"तू बाई. तू भांडी घास. आई ही हाय."

"कावून? मी आई न्हाई का?"

"आई गोरी असती."

माझी सून रंगानं काळीभोर. नुसती सावळी म्हणून झाकायचं काम नाही. नातही तिच्यावरच गेलेली. सून तेव्हा हसली. पण दुसऱ्या दिवशी पोरीनं पावडरचा अख्खा डबा तोंडाला फासला, तेव्हा मात्र ती चुलीपुढं बसून म्हणाली, "आत्याबाई, आज बाहुलीपुढं मला बाई केलं. उद्या चारचौघांत मला आई म्हणायची लाज वाटली तर हिला?"

बाहुली आणणारी तर मीच.

आमच्या गल्लीतली अंगणवाडीची ताई मोठी समजूतदार. तिला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, गोरीला फेकून देऊ नका, ती बी राहू द्या. पण तिच्या जोडीला घरातल्या माणसांच्या रंगाच्या आणा. काळी, सावळी, गव्हाळ, सगळ्या. लेकरू ज्या माणसांत राहतं तसली माणसं त्याच्या खेळात दिसली पाहिजेत."

आलं ध्यानात. परत बीड. मी त्या दुकानदाराला ठणकावून म्हणाले, "काळी बाहुली द्या."

"हां, हाय की मावशी. गाडीला पाहिजे का दाराला?"

आणि त्यानं आतून काय काढावं? नजर लागू नये म्हणून टांगतात ना, ती! काळ्या चिंध्यांची, दोऱ्याला उलटी लटकवलेली. मी म्हणाले, "अहो, खेळायला पाहिजे, लेकराला." तो माझ्याकडं असा बघायला लागला, जशी काही नजर मलाच लागलीय. "मावशी, काळ्या बाहुलीशी कोण खेळतंय?"

मोठ्या तोऱ्यात मी दुकानाच्या पायऱ्या उतरले. घरी आले आणि दारातच थबकले. आमच्या चौकटीला तसलीच एक लटकत होती, मीच बांधलेली. नात पळत आली, तिला कडेवर घेतलं. तिनं वर बोट केलं. "आजी, ती माझ्यासारखी हाय. तिला कावून टांगलं?"

तिथल्या तिथं मी ती बाहुली काढली आणि नुसतं लिंबू-मिरची ठेवलं. ते तरी कुणासारखं दिसत नाही.

मग म्हटलं, आपण शिवणारणी, आपणच शिवू. संस्थेत पांढऱ्या मांजरपाटाची चिंधी ढीगभर. रंग कसा द्यायचा? चहात बुडवला की कापड तांबूस होतं, हे मला ठाऊक होतं. पण टँकरच्या दिवसांत कोरा चहा उकळायला पाणी कोण घालवणार? म्हणून मी हुशारी केली. बैठकीचा उरलेला चहा घेतला. दुधासाखरेचा! रंग झकास आला. बाहुली शिवून डोळ्यांना गणवेशाची बटणं लावली. सकाळी उठून बघते तर बाहुलीच्या अंगावर मुंग्यांची दिंडी, आणि दुपारपर्यंत आंबूस वास. सून तोंडाला पदर लावून हसत होती, "आत्याबाई, एवढी गोड आई कुणाचीच नसंल."

ताई आली. तिनं एक बटण धरून ओढलं, तर ते तिच्या हातात. "काकू, तीन वर्षांचं पोर आधी हे तोंडात घालंल. घशात अडकलं म्हणजे? डोळे दोऱ्यानंच भरा. मणी न्हाई, टिकल्या न्हाईत. शिवण दुहेरी घाला, आत नवा कापूस भरा, आन् धुता येईल असलं कापड घ्या."

माझी अध्यक्षगिरी तिथंच संपली. सुनेनं मला हाताला धरून बीडच्या मॅचिंग सेंटरात नेलं. ब्लाउजचं अस्तर! अगं, इतके रंग आपल्या डोळ्यांपुढं आणि मी चहात बुचकळत बसले. बदामी, गव्हाळ, कॉफी, चॉकलेटी. दुकानदार विचारतोय, "ब्लाउज दाखवा, मॅच करून देतो," आणि आम्ही दोघी बाह्या सारून दंड पुढं करतोय. माझ्या दंडाला बाहीच्या खाली एक रंग, बाहीच्या आत दुसरा. मीच दोन बाहुल्यांचं कापड घेऊन हिंडत होते म्हण ना. घरी येऊन ओला पांढरा फडका घासून बघितला. ज्याचा रंग उतरला ते बाजूला ठेवलं.

संस्थेतल्या बायांनी मग घरंच्या घरं शिवली, नातीसाठी आणि अंगणवाडीसाठीही. काळी आई, तिच्यापेक्षा उजळ बाप, बापाच्या हातात लाटणं. एक आजी आणि नातू एवढंच घर, कारण त्या नातवाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. अंगणवाडीत तसली लेकरं निम्मी, आणि त्यांना तेच घर लागायचं. एक घर नुसतं आई-लेकीचं. सोबतीला मऊ शेळी आणि म्हैस.

नातीपुढं सगळा बाजार मांडला. सून दाराआड उभी. पोरीनं चॉकलेटी बाहुली उचलली, उलटीपालटी केली, हुंगली, आणि सुनेला हाक मारली, "आई, ही तुझ्यावानी हाय. हिच्या कडेवर लेकरू दे." गोरी आली पाहुणी म्हणून, तिला पाटावर बसवून जेवू घातलं. सून खाली बसली आणि दोघींनी मिळून लेकरू बांधलं. नंतर किती तरी वेळ ती ओसरीवरनं उठलीच नाही.

"अन् आजी कुठंय?" मी विचारलं. बोळक्या तोंडाची ती बाहुली कोपऱ्यात एकटीच उभी होती, डोक्यावर घागर म्हणून वाटी.

"आजी टँकरच्या लायनीत हाय. पाणी आणल्याबिगर घरात घ्यायचं न्हाई."

तेव्हा तू दुकानातनं काही उचलू नकोस. पुढच्या खेपेला लेकीलाही इकडं घेऊन ये, लवकर. तिचा दंड अस्तराला लावून बघितल्याशिवाय मला कात्री चालवता येत नाही. आणि तुझ्या नवऱ्यालाही आण, त्याचाही रंग लागंल.