दिवसभराचं मिळून

आमच्या नांदेडच्या नर्सिंग शाळेत लहान मुलांच्या वॉर्डात जाणाऱ्या मुलींना दर वर्षी एक पुस्तिका देतात. पोरी तिला हँडआउट म्हणतात आणि दुमडून ॲप्रनच्या खिशात कोंबतात. तिच्यातली चार पानं डोसांच्या तक्त्यांची असतात: मुलाचं वजन किती, औषध किती, सिरिंजमध्ये किती घ्यायचं. बाकीच्या पानांवर मी किती कष्टानं लिहिलंय याची कुणाला फिकीर नसते. त्या चार पानांचे कोपरे मात्र महिन्याभरात काळे होतात. पुढे याच पोरी भोकरला, हिमायतनगरला नोकरीला लागतात, तेव्हाही ती पानं त्यांच्या पर्समधून निघतात. म्हणून त्यांत चूक होऊन चालत नाही.

वीस वर्षं ते तक्ते आम्ही दोघींनी तपासले, मी आणि आपा. आपा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. मुलांच्या वॉर्डात उमेदीची वर्षं घालवून मग शिकवायला आल्या होत्या. त्यांच्या घराण्याचं लातूरला अत्तराचं दुकान होतं, पण आपांच्या अंगाला कायम स्पिरिटचाच वास. मी जळकोटची, शाळेत मराठीत पहिली आलेली, आणि ते अजून न विसरलेली.

तपासायची त्यांची एक रीत होती. दोघींनी दोन कागद घ्यायचे आणि पाठीला पाठ लावून बसायचं. छापलेलं उत्तर बघायचं नाही. एकीनं औषध, त्याची ताकद म्हणजे किती मि.ली.त किती मि.ग्रॅ., आणि मुलाचं वजन वाचायचं, मग दोघींनी आपापलं गणित करायचं. उत्तर जुळलं तर पुढे. न जुळलं तर वाद घालायचा नाही, दोघींनी उलटा ताळा करायचा. म्हणजे सिरिंजमधल्या मिलिलिटरपासून मागे निघायचं, त्याचे मिलिग्रॅम करायचे, दिवसभराची बेरीज करायची, वजनानं भागायचं आणि औषधांच्या मूळ पुस्तकातल्या आकड्यापाशी पोचतो का ते बघायचं. मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन जाड्या बायका बघून शिपाई हसत असे. आता वाटतं, हसू दे बापड्याला, पण ती पाठ परत लागू दे.

आपांच्या निवृत्तीच्या वर्षी आमचं बिनसलं, तेही एका शब्दावरून. जेंटामायसिनच्या तक्त्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'साडेसात मि.ग्रॅ. प्रति किलो, दिवसभराचं मिळून. त्याचे तीन भाग करून आठ-आठ तासांनी.' आमच्या वॉर्डात तेव्हा तीनदा द्यायची पद्धत होती. मी पुस्तिकेची भाषा नीटनेटकी करायला घेतली होती. म्हटलं, "आपा, हे 'दिवसभराचं मिळून' म्हणजे अगदी बोलण्यातलं झालं. छापील कागदाला शोभत नाही."

"शोभंला काय करायचंय?" आपा म्हणाल्या. "लेकराला सुई द्यायची हाय. मिळून म्हनलं की पोरीला कळतंय."

"मी सुटसुटीत करते."

"कर. तुझी मराठी लई चांगली हाय," असं म्हणून त्या चष्मा पुसायला लागल्या. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तो लागला एवढं खरं. महिन्याभरात त्या निवृत्त होऊन लातूरला मुलीकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी मी भाषण छान केलं आणि नंतर चार महिने फोन केला नाही.

पुस्तिका छापायला जायची वेळ आली. प्रिंटिंग प्रेसवाल्याला शनिवारी फाईल हवी होती. तक्ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नव्यानं भरले होते आणि तपासायला मी एकटीच होते. गुरुवारी दुपारी दार लावून बसले. पॅरासिटामॉलच्या तक्त्यातच घबाड सापडलं. दहा किलोच्या मुलाला एका वेळेला दीडशे मि.ग्रॅ. हवं. पाच मिलिलिटरमध्ये सव्वाशे मि.ग्रॅ. असलेलं सिरप घेतलं तर ते सहा मि.ली. होतं. पण दोन रकान्यांच्या मथळ्यांची अदलाबदल झाली होती, आणि कागद सांगत होता की सहा मि.ग्रॅ. औषध, दीडशे मि.ली. सिरप. साठ मिलिलिटरच्या अडीच बाटल्या एका दमात. मी एकटीच मोठ्यानं हसले. लाल पेनानं दोन्ही मथळे दुरुस्त केले आणि स्वतःवर फार खूश झाले. आपांवाचूनही जमतं की, असंही मनात येऊन गेलं.

त्या खुशीतच जेंटामायसिनवर आले. वर माझी सुटसुटीत ओळ होती: 'साडेसात मि.ग्रॅ. प्रति किलो, दिवसातून तीन वेळा.' खाली आठ किलोच्या ओळीत लिहिलं होतं, एका वेळेला साठ मि.ग्रॅ., म्हणजे दीड मि.ली.; दिवसाचे एकूण एकशे ऐंशी मि.ग्रॅ. मी गुणून बघितलं. साडेसात आठे साठ, साठ त्रिक एकशे ऐंशी. इंजेक्शनच्या व्हायलमध्ये, त्या छोट्या बाटलीत, दोन मिलिलिटरला ऐंशी मि.ग्रॅ., तेव्हा साठला दीड मि.ली. सगळं बरोबर. मी टिक केली. माझ्याच ओळीवरून मी गणित करत होते, मग ते जुळणार नाही तर काय होणार? वॉर्ड सोडून मला वीस वर्षं झाली होती, हात आकडे विसरला होता.

शुक्रवारी सकाळी टिक केलेली पानं पुढ्यात होती, पण पाकिटात घालवेनात. आकड्यांचा संशय आला म्हणून नव्हे, खरं सांगते. पाठ उघडी पडल्यासारखं वाटत होतं, बस. मी लातूरला फोन लावला.

"बोल," आपा म्हणाल्या. चार महिने फोन का केला नाहीस, हे विचारलं नाही.

"आपा, तक्ते तपासायचेत. कागद-पेन्सिल घेता का?"

"घेतली. उत्तर सांगू नको."

पहिल्या तिन्ही तक्त्यांची उत्तरं जुळली. मग मी वाचलं, "जेंटा. व्हायल दोन मि.ली.ला ऐंशी. वजन आठ किलो. साडेसातनं, आठ-आठ तासांनी."

पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला. तो मला ऐकू येत होता, की सवयीनं भास झाला, कुणास ठाऊक.

"अर्धा मि.ली.," आपा म्हणाल्या. "वीस मि.ग्रॅ."

"मला दीड आलं. साठ."

रीत तीच होती, वाद नाही. "उलटं ये," त्या म्हणाल्या.

मी उलटी निघाले. दीड मि.ली. तीनदा, म्हणजे साडेचार मि.ली. दोन मिलिलिटरच्या दोन व्हायल संपवून तिसरी फोडायची, आठ किलोच्या एका बाळासाठी, एका दिवसात. वॉर्डात मी असं कधी केलं नव्हतं, कुणाला करताना बघितलं नव्हतं. एकशे ऐंशीला आठनं भागलं आणि साडेबावीस आले. मूळ पुस्तक उघडलं. त्यात साडेसातच होते, पूर्ण दिवसाचे, तीन डोसांत विभागलेले. मी सुटसुटीत करताना नेमकं तेच वगळलं होतं, आणि कॉम्प्युटरवर तक्ते भरणाऱ्यानं माझी ओळ प्रमाण मानून प्रत्येक रकाना तिप्पट केला होता. जेंटामायसिन जास्त झालं की मूत्रपिंडाला धोका आणि कानालाही. कान गेले तर परत येत नाहीत. हे मीच वर्गात फळ्यावर लिहीत असे.

मी पेन खाली ठेवलं.

"आलं का?" आपांनी विचारलं.

"साडेबावीस आले."

"हाव. आता चहा घे आन् मग दुरुस्त कर. घाईत पुन्हा चुकशील."

त्या एवढंच म्हणाल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्यांना म्हणता आलं असतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर हमखास म्हटलं असतं. त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी म्हटलं, दिवाळीला लातूरला येते. माफी मागायची ती समोर बसून मागू, फोनवर कशाला, असा माझा हिशोब. प्रेसवाल्याला सोमवारवर ढकललं, जेंटामायसिनचं पूर्ण पान नव्यानं केलं आणि वर आपांची ओळ जशीच्या तशी बसवली.

दिवाळीला शाळेची तपासणी निघाली. संक्रांतीला गुडघा धरला. नांदेडहून लातूर काही परदेश नाही, एसटीनं सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतं माणूस. मी गेले नाही. उन्हाळ्यात आपांच्या मुलीचा फोन आला तेव्हा गेले, पण तेव्हा समोर बसून बोलायला आपा नव्हत्या.

मुलीनं मला एक कागद दिला. "तुमचा फोन येऊन गेला ना, त्या दिवशी अम्मी दुपारभर हेच करून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणल्या, ती एकटी हाय तिथं." जेंटामायसिनची प्रत्येक ओळ होती, दोन किलोपासून वीस किलोपर्यंत, आधी सुलटी, मग उलटी. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बराबर.' मी परतीच्या एसटीत तो कागद माझ्या पानाशी ताडून पाहिला. एकही आकडा वेगळा नव्हता. मला त्यांची इतकी आठवण आली की शेजारच्या बाईनं खिडकीकडची जागा देऊ केली. तिला वाटलं, मला मळमळतंय.

आता माझ्याबरोबर एक नवीन शिक्षिका आहे. हुशार आहे, हात चपळ आहे. पाठीला पाठ लावून बसायचं म्हटल्यावर तिलाही हसू आलं, पण बसली. यंदा आमची सगळी उत्तरं पहिल्या फेरीत जुळली. अजूनही अर्धा मि.ली. म्हणणारा आवाज ऐकू येईल म्हणून मी क्षणभर थांबते, तेवढंच. शेवटी ती कॉम्प्युटरवर तक्ता नीट करत बसली होती आणि मला म्हणाली, "मॅडम, हे 'दिवसभराचं मिळून' रकान्यात मावत नाहीये. 'मिळून' काढू का? अर्थ तसाही कळतो."

"नको," मी म्हटलं. "रकाना रुंद कर."