केतकीसाठी थांबलेले माग

केतकीचं बंगळूरच्या कुणाशी तरी जमलंय, ही बातमी बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत शेजारच्या बायाक्कानं पसरवली. पोरगी रोज संध्याकाळी केस विंचरून, इस्त्रीचा ड्रेस घालून दार लावून बसते आणि मोबाईलपुढं इंग्रजीत बोलत राहते, हे तिनं खिडकीतून बघितलं होतं. नळावर ती सांगायची, "पलीकडचा बाप्या लई गोड आवाजात इचारतोय बघा. तुझ्याबद्दल सांग, तुझ्याबद्दल सांग. रोज तेच! अजून कळलं न्हाई व्हय त्याला?"

खरं तर पलीकडं कुणी बाप्या नव्हताच. मुलाखतीचा सराव करून घेणारं ते एक ॲप होतं. पडद्यावर टाय लावलेला एक चेहरा यायचा, प्रश्न विचारायचा आणि केतकी उत्तर देत असताना तिचं चित्रण करायचा. उत्तर संपलं की शंभरपैकी गुण. किती वेगानं बोललीस, किती वेळा अडखळलीस, नजर कॅमेऱ्यावर होती की भलतीकडं, उत्तर प्रश्नाला धरून होतं का, सगळ्याचा हिशेब समोर.

ही बातमी ऐकून सगळ्यात जास्त हसली ती राणी, त्याच घरात वाढलेली केतकीची चुलत बहीण. अकरावीतली ही पोरगी गल्लीतल्या कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. बँकेतल्या मॅनेजरबाई, कन्नडमधून मराठीत घसरणारा कंडक्टर, शिंकायच्या आधी देवाचं नाव घेणारे शाळेचे सर, सगळे तिच्या गळ्यात राहायला होते. त्या टायवाल्याचा आवाज तर तिनं एका दिवसात उचलला. पण हसून झालं की तिला रागही यायचा, आणि त्याला कारण होतं.

बी.कॉम. झालेली केतकी मूळची बुजरी. पाहुणे आले की मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या निमित्तानं आत पळणारी. बेळगावातल्याच एका कंपनीनं ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या कामासाठी तिला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. कॉलेजात एकदा अशीच मुलाखत झाली होती आणि स्वतःचाच चेहरा पडद्यावर बघून तिची वाचा बसली होती. म्हणून हे ॲप. पहिले काही दिवस ती घराला लागून असलेल्या यंत्रमागांच्या शेडमध्येच सराव करायची. खडखडाटात आपलं इंग्रजी कुणाला ऐकू जाणार नाही, हा तिचा हिशेब. झालं भलतंच. ॲपला मागच ऐकू आले. तिनं ओरडून सांगितलेल्या उत्तराचं त्यानं असलं काही लिहून काढलं की त्यातून एक वाक्य जुळेना. गुण आले एकोणतीस.

तिनं ते रडतरडत आप्पांना दाखवलं. आप्पा म्हणजे तिचे वडील भरमा, घरातल्या चारी मागांचे मालक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईलकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्यापास्नं सांजच्याला अर्धा तास माग बंद."

राणी जेवता जेवता थांबली. बंद? तिच्या दहावीला कानात कापूस घालून ती भूमिती शिकली होती. "माग थांबला की पोट थांबतंय पोरी," असं तेव्हा याच आप्पांनी सांगितलं होतं. आणि आता एका टायवाल्या चित्रासाठी माग बंद?

दुसऱ्या दिवशी माग खरंच थांबले. त्या शांततेत केतकीचा आवाज घरभर फिरला. सुरुवातीला ती ओरडायचीच. मागाजवळ वाढलेल्या माणसाला हळू बोलायचं शिकावं लागतं. मग आवाज उतरला. नजर पडद्यावरच्या स्वतःवर जाऊ नये म्हणून तिनं कॅमेऱ्याशेजारी लाल टिकली चिकटवली आणि टिकलीशी बोलू लागली. गुण चढत गेले. सत्तर, ऐंशी. आई तिच्यासाठी लिंबूसरबत करायची, आप्पा शेजाऱ्यांना गुण सांगायचे. राणीनं कंडक्टर करून दाखवला तर आप्पा म्हणाले, "गप गं जरा, आक्का बोलालीय."

राणीच्या नकलेला या घरात कधी कुणी गप म्हटलं नव्हतं.

एका दुपारी तिनं केतकीचा मोबाईल उचलला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या झोकात इंग्रजीत पाऊस, टोमॅटो आणि क्रिकेट यांवर जे सुचेल ते ठोकून दिलं. बोलण्याची पद्धत ब्याण्णव. उत्तराचा प्रश्नाशी संबंध अकरा. राणीनं अकरावर अंगठा ठेवला आणि ब्याण्णव घरभर मिरवलं.

"अंगठा काढ," केतकी म्हणाली. बघितलं आणि हसली. ते हसणं राणीला झोंबलं.

"हस, हस. तू पाठ केलेलं म्हणतीस नुसतं. खरी बाई समोर आली की बसतीस मूग गिळून. नोकरी लागली तर तुझ्या वाटणीच्या कांड्या मी भरीन, जा!"

"आणि न्हाई लागली तर?"

"तर तू माझ्या भरायच्या. वर्षभर."

"मग तूच हो की खरी बाई," केतकी म्हणाली. "इचार."

राणीला एवढंच हवं होतं. तिनं खुर्ची ओढली, मॅनेजरबाईंसारखा चष्मा नाकावर घसरवला आणि पहिला प्रश्न टाकला. केतकी सुरू झाली. दुसऱ्या वाक्याला राणीनं हात वर केला. "थांबा. ते राहू दे. तुम्ही स्वतः काय केलंत?"

केतकी थांबली. पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली. राणीनं पुन्हा तोडलं. मधेच जांभई दिली, मधेच कुणाशी तरी फोनवर बोलल्यासारखं केलं. ॲप बिचारं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. मधेच तोडणारं माणूस केतकीला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरले, ती उठून गेली. राणीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिंकले!

पण दुसऱ्या दिवशी ॲप झाल्यावर केतकीनं स्वतःच खुर्ची मांडली. "ये गं. तोड."

राणीनं तोडलं. रोज तोडलं. वाईटच व्हावं म्हणून जीव लावून तोडलं. कधी बाई, कधी सर, कधी कन्नडमध्ये तक्रार करणारं चिडकं गिऱ्हाईक. केतकी हळूहळू पहिल्या वाक्याकडं पळायची बंद झाली. जिथं तुटलं तिथूनच बोलायला लागली.

मुलाखतीच्या दिवशी चारी माग थांबले. राणी दाराला कान लावून उभी. पलीकडची बाई टायवाल्यासारखी गोड नव्हतीच. तिसऱ्याच वाक्याला ती इंग्रजीत म्हणाली, "एक मिनिट, हे सगळेच सांगतात. चिडलेलं गिऱ्हाईक तुम्ही कधी सांभाळलंय?"

आत केतकीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. राणीनं आनंदानं मूठ आवळली. बसली! आता बसली!

मग केतकीचा आवाज आला, साधा, न ओरडता. निपाणीच्या व्यापाऱ्यानं साड्यांचा रंग उतरला म्हणून आप्पांना फोनवर शिव्या घातल्या, तेव्हा फोन तिनं घेतला होता. आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग त्याच सुताची एक साडी त्याच्याच दुकानात, पण बाटलीच्या पाण्यात धुऊन बघायला लावली. रंग उतरला नाही. खारं निघालं ते त्याच्या बोअरचं पाणी. बाईनं मधेच विचारलं, त्याच्याशी भाषा कुठली? "तो चिडला की कन्नड, मी उत्तर देताना मराठी, आणि मिटलं तेव्हा दोघं हिंदीत," केतकी इंग्रजीत म्हणाली. पलीकडची बाई हसली.

हे उत्तर केतकीनं कुठं पाठ केलं नव्हतं. राणीला ते ठाऊक होतं, कारण पाठ केलेली सगळी तिला तोंडपाठ होती. तिनं दारावरचा कान काढला. हसावं की रडावं कळेना.

पुढच्या आठवड्यात ईमेल आला. आप्पांनी पेढे आणले, माग चालू ठेवूनच.

आता सकाळी केतकी ऑफिसला जाते आणि राणी कॉलेजला जायच्या आधी दोघींच्या कांड्या भरायला बसते. परवा केतकी चप्पल घालता घालता थांबली, एक कांडी उचलून बोटानं दाबली.

"सैल हाय गं. परत भर."

"आक्का, मी सांगते ऐक, काल लाईट..."

"थांबा. ते राहू दे," केतकी म्हणाली, अगदी मॅनेजरबाईंच्या आवाजात, आणि बस पकडायला गेली.